वहिनींचं चॅनल: टेकआउट की रोजची स्क्रिप्ट?

सोलापुरात आमच्या वहिनी शेंगाचटणी, कडक भाकरीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. अकाउंट गेलंच तर काय उरेल, म्हणून आम्ही दोन्ही वाटा करून पाहिल्या.

गुगल टेकआउट, म्हणजे अकाउंटमधला डेटा उतरवून घ्यायची गुगलची सोय, सोपं. एकदा वेळापत्रक लावलं की दर दोन महिन्यांनी, वर्षभरात 6 वेळा, व्हिडिओसकट प्रत निघते. वर्ष संपलं की पुन्हा लावावं लागतं. पण त्यात वहिनींनी स्वतः लिहिलेल्याच कमेंट येतात. "चटणीत लसूण किती पाकळ्या?" असं विचारणाऱ्या बायकांचे प्रश्न त्यात नसतात, आणि मला तेच जपायचे होते. शिवाय प्रत त्याच अकाउंटच्या ड्राइव्हवर ठेवली, तर अकाउंटबरोबर तीही जाते.

म्हणून यूट्यूबच्या API मधून, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीतून, कमेंट आणि आकडे घेणारी स्क्रिप्ट रोज रात्री लावली. `commentThreads.list` एका कॉलमध्ये 100 कमेंटपर्यंत देतं, खर्च 1 युनिट. रोजची मर्यादा 10,000. 80 व्हिडिओंना शंभरेक युनिट पुरतात. `videos.list` फक्त आजवरचे एकूण व्ह्यूज सांगतं, त्यामुळे तारखेसह रोज नोंदवले तरच वाढ कळते. लांब चर्चेतली सगळी उत्तरं मात्र येत नाहीत. आलेल्या उत्तरांपेक्षा `totalReplyCount` जास्त दिसला की `comments.list` वेगळं मागवावं.

स्क्रिप्टची API की माझ्या अकाउंटची आहे, कमेंट सार्वजनिक असल्याने चालतं. मूळ व्हिडिओंसाठी टेकआउट ठेवलंय, पण त्याची प्रत घरच्या हार्डडिस्कवर उतरवतो.