२४ × १६ की ३२ × २०? स्नेहसंमेलनाचा मंच ठरवताना

मंडपवाले फळ्या साधारण ८ × ४ फुटांच्या लावतात, त्यामुळे शाळेपुढे बहुधा हेच दोन पर्याय येतात: २४ × १६ किंवा ३२ × २० फूट. पहिल्याचं क्षेत्रफळ ३८४ चौरस फूट आणि दुसऱ्याचं ६४०. पण हा आकडा मुलांच्या संख्येनं भागू नका, घोळ तिथेच होतो.

आधी मोकळी जागा काढा. दोन्ही बाजूंच्या विंगांना २-२ फूट जातात. पुढे २ फूट दिवे, माइक आणि कडेवरून पाय घसरू नये यासाठी लागतात. मागच्या पडद्याआड २ फूट हवेतच, नाहीतर डावीकडून आत गेलेलं मूल उजवीकडून परत येऊ शकत नाही. म्हणजे नाचायला लहान मंचावर २० × १२ आणि मोठ्यावर २८ × १६ फूटच उरतात.

आता रांगा मोजा. हात पसरून केलेल्या साध्या समूहनृत्यात प्राथमिकच्या मुलाला ४ × ४ फूट पुरतात. लहान मंचावर ५ जणांच्या ३ रांगा, म्हणजे १५ मुलं. मोठ्यावर ७ जणांच्या ४ रांगा, म्हणजे २८. लेझीमला मात्र ५ × ५ फूट धरा, कारण हाताच्या लांबीत लेझमीची लांबी मिळते. लहान मंचावर ४ च्या २ रांगा बसतात, म्हणजे फक्त ८ मुलं. क्षेत्रफळाचा भागाकार ९ सांगतो, पण नववं मूल रांगेत मावत नाही. मोठ्या मंचावर ५ च्या ३ रांगा, म्हणजे १५.

समजा, लेझमीला २४ मुलं घेतली आहेत. मोठा मंचही त्यांना अपुरा आहे. १२-१२ च्या दोन तुकड्या करून आळीपाळीनं आणा, नाहीतर लेझीम मंचासमोरच्या मैदानात घ्या. दाटीवाटीनं उभं केलं, तर मुलं लेझीम लागेल म्हणून हात आखडतात आणि सगळा डौल जातो.

नाटकाचं गणित उलटं आहे. एका वेळी ४-५ पात्रं आणि ६ × ३ चा पलंग असेल, तर लहान मंचच बरा. मोठ्यावर पात्रं लांब-लांब उभी राहतात, माइकपासून दूर गेली की संवाद ऐकू येत नाहीत आणि विंगेतून मध्यावर येईपर्यंत प्रसंग रेंगाळतो. पुढच्या प्रवेशाच्या मुलांना थांबायला विंगेबाहेर एकेक जादा फळी मागून घ्या.

कार्यक्रमात नाच जास्त असतील, तर ३२ × २० घ्या आणि नाटकापुरते बाजूचे पडदे ४-४ फूट आत ओढा. दोन-तीन नाटुकल्या आणि १५ पर्यंत मुलांचे नाच असतील, तर २४ × १६ वर भागतं.

मंच कोणताही घ्या, पहिल्या तालमीपासून मैदानावर फक्कीनं २० × १२ किंवा २८ × १६ ची चौकट आखा. मोकळ्या मैदानात बसवलेला नाच नकळत ४० फुटांवर पसरतो आणि रंगीत तालमीला कडेची मुलं विंगेत शिरतात.