एक टीव्ही, आईला ऐकायचंय आणि बाबांना वाचायचंय: सहा-सात महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी बाबांना वयोमानाने आलेला बहिरेपणा आहे, आणि आईची मधली नजर गेली आहे. कडेचं तिला दिसतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा किंवा पडद्यावरचा मजकूर दिसत नाही. दोघांनाही मालिका-सिनेमे बघायची मनापासून आवड आणि टीव्ही एकच. त्यामुळे मथळे म्हणजे कॅप्शन, व्हिडिओचा वेग आणि पडद्यावर काय घडतंय ते ऐकवणारं ऑडिओ डिस्क्रिप्शन या तिन्ही सोयी आम्ही रोज, एकाच वेळी आणि एकाच खोलीत वापरतो. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब ही दोन ॲप्स सर्वांत जास्त वापरात असतात. काय उपयोगी पडलं आणि कुठे अडलं ते लिहिते.

सुरुवात बाबांपासून. त्यांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. अशा बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे ध्वनी जातात, म्हणजे स, श, फ, ख यांसारखे. आवाज वाढवला की स्वर आणखी मोठे होतात, पण हरवलेली व्यंजनं हरवलेलीच राहतात. म्हणून टीव्ही कितीही मोठा केला तरी "काय म्हणाला तो?" हा प्रश्न सुटत नव्हता. सुटला तो मथळ्यांनी, आणि तेही योग्य मथळे निवडल्यावर. यादीत नुसतं 'हिंदी' आणि 'हिंदी [CC]' असे दोन पर्याय असतील तर दुसरा घ्या. पहिल्यात बहुधा फक्त संवाद असतात. दुसऱ्यात दार वाजलं, फोन खणखणला, मागून कुणी हाक मारली हेही लिहिलेलं असतं, आणि बोलणारा पडद्याबाहेर असेल तर त्याचं नावही येतं. पात्र दचकून मागे का वळलं हे बाबांना आता कळतं.

दिसण्याच्या सेटिंगवर मात्र आमचे बरेच दिवस गेले. पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच होता: अक्षरं जितकी मोठी तितकी बरी. यूट्यूबवर संगणकात आकार ४०० टक्क्यांपर्यंत नेता येतो. २०० वर नेला तेव्हा दोन ओळींचा मथळा चार ओळींचा झाला आणि बोलणाऱ्याची हनुवटी-ओठ झाकून बसला. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं नकळत ओठ वाचत असतात. बाबाही वाचतात. मथळा मोठा झाला, पण त्यांचा दुसरा आधार गेला. शेवटी १५० टक्क्यांवर स्थिरावलो. संगणकावर मथळा माउसने धरून वर सरकवता येतो, त्यामुळे मुलाखतीत चेहरा खाली असेल तर आम्ही तो वर नेऊन ठेवतो.

रंगाबाबत आमचा कौल स्पष्ट आहे: पांढरी अक्षरं, मागे काळी पट्टी, पट्टीची अपारदर्शकता ७५ टक्के. पूर्ण काळी पट्टी चित्र खाते, आणि पट्टीच नसेल तर पांढऱ्या भिंतीवर किंवा आकाशावर अक्षरं विरून जातात. अक्षरांना जाड बाह्यरेषा देण्याचा पर्यायही असतो. इंग्रजीला तो शोभतो, देवनागरीला नाही. अनुस्वाराचा ठिपका रेषेत मिसळतो, 'प्र'मधली तिरकी रेघ भरून जाते, जोडाक्षराचा गोळा होतो. त्याऐवजी हलकी सावली किंवा नुसती पट्टी घ्या. फॉन्टच्या यादीत सात-आठ पर्याय दिसतात, पण ते रोमन लिपीचा विचार करून ठेवलेले आहेत. देवनागरी मजकूर आला की उपकरण आपलाच फॉन्ट वापरतं, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

ही सेटिंग नेमकी कुठे असतात यातच निम्मा गोंधळ आहे. संगणकावर यूट्यूबमध्ये दातेरी चाकाच्या चिन्हातून मथळ्यांमध्ये आणि तिथून पर्यायांमध्ये जायचं. व्हिडिओ चालू असताना `c` दाबलं की मथळे चालू-बंद होतात, `+` आणि `-` ने आकार बदलतो, `o` ने अक्षरांची अपारदर्शकता. अँड्रॉइड फोनवर मात्र यूट्यूब फोनचंच सेटिंग उचलतं, म्हणजे फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मथळ्यांची शैली ठरवावी लागते. नेटफ्लिक्सचं वेगळं. वेबसाइटवर खात्यात जाऊन प्रोफाइलनिहाय मथळ्यांचं रूप ठरवता येतं आणि ते बऱ्याच उपकरणांवर लागू होतं, पण आयफोन आणि ॲपल टीव्हीवर ते उपकरणाच्या सेटिंगमधून बदलावं लागतं. म्हणून आम्ही बाबांचं आणि आईचं प्रोफाइल वेगळं केलं. मथळ्यांची भाषा आणि आवाजाचा पर्याय पुन्हापुन्हा निवडत बसावं लागत नाही, आणि हा बदल कुठल्याही रंगापेक्षा जास्त कामाचा ठरला.

आता वेग. यूट्यूबवर पाव पटीपासून दुपटीपर्यंत वेग मिळतो आणि मधले आकडेही निवडता येतात. नेटफ्लिक्सवर, जिथे ही सोय आहे तिथे, ०.५, ०.७५, १, १.२५ आणि १.५ एवढेच टप्पे आहेत. वेग कमी केला तरी आवाज घोगरा होत नाही, कारण स्वराची उंची तशीच ठेवून तो ताणला जातो. वेगाबद्दल बोलताना लोक नेहमी ऐकण्याचाच विचार करतात. मथळे वाचणाऱ्यासाठी गणित वेगळं आहे. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी मथळ्यांच्या नियमात एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, दोनच ओळी, आणि प्रौढांच्या कार्यक्रमांना सेकंदाला २० अक्षरं अशी मर्यादा आहे. दोन भरलेल्या ओळी म्हणजे ८४ अक्षरं, त्यांना ४.२ सेकंद मिळायला हवेत. वेग १.५ केला की तोच मथळा २.८ सेकंदात जातो आणि ०.७५ ला ५.६ सेकंद थांबतो. त्या अतिरिक्त जवळजवळ दीड सेकंदात बाबा वाचून पुन्हा चेहऱ्याकडे बघू शकतात.

तरी ०.७५ त्यांना सगळीकडे नको असतं. गाणी लांबतात, विनोदाची वेळ चुकते, नट झोपेत बोलल्यासारखे वाटतात. ते फक्त चर्चा, भाषणं आणि घाईने बोलणाऱ्यांच्या मुलाखतींना वापरतात, आणि यूट्यूबवर तर ०.८५ किंवा ०.९ च पुरतं. यंत्राने आपोआप तयार केलेल्या मथळ्यांना मात्र वेग कमी करून फार मदत होत नाही. तिथे विरामचिन्हं नीट नसतात, माणसांची नावं आणि गावं हमखास चुकतात, आणि दोघं एकदम बोलले की वाक्यांची सरमिसळ होते. चूक सावकाश वाचली तरी चूकच राहते. मथळे यंत्राचे आहेत की माणसाने लिहिलेले, हे यादीतच 'ऑटो-जनरेटेड' लिहिलंय का ते बघून कळतं.

आईचा विषय मात्र मला सगळ्यात जवळचा. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक निवेदक पडद्यावर काय घडतंय ते सांगतो. नेटफ्लिक्सने ते एप्रिल २०१५ मध्ये सुरू केलं. ते मथळ्यांच्या यादीत नसतं, आवाजाच्या भाषांच्या यादीत असतं, 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' असं नावापुढे लिहिलेलं. पूर्वी एखादं पात्र न बोलता पत्र वाचायचं, ते फाडायचं आणि खिडकीतून कुणाला तरी बघून मागे सरायचं, तेव्हा आईला फक्त संगीत ऐकू यायचं. मग ती बाबांना विचारायची, बाबा मोठ्याने सांगायचे, आणि तेवढ्यात पुढचा संवाद दोघांचाही जायचा. आता निवेदक म्हणतो, "ती पत्राचे दोन तुकडे करते. रस्त्यापलीकडे तोच माणूस उभा आहे." चांगला निवेदक भावना समजावत बसत नाही. तो कृती सांगतो, अर्थ आई लावते. हिंदी वर्णन मिळतं, पण इंग्रजीच्या मानाने फारच कमी शीर्षकांना. मराठीत मला अजून एकही सापडलेलं नाही, आणि मी शोधत असते.

एक सल्ला: वर्णन चालू असताना वेग वाढवू नका. आई मुलाखती सव्वा पटीने ऐकते आणि तिला त्या स्वच्छ कळतात. पण वर्णनाचं लेखन मुळातच संवादांमधल्या दोन-तीन सेकंदांत कोंबलेलं असतं, निवेदक आधीच भरभर बोलत असतो. सव्वा पटीला वाक्याचा शेवट निसटतो आणि संवाद अंगावर येतो.

खरी अडचण दोघं एकत्र बसले की सुरू होते. टीव्हीवर वर्णन लावलं तर निवेदकाचा आवाज बाबांच्या श्रवणयंत्रात संवादाइतकाच मोठा येतो. मथळ्यांत मात्र निवेदकाचं वाक्य नसतं. बाबांना आवाज ऐकू येतो, मथळा दिसत नाही, आणि ते पडद्यावर बोलणारा शोधत राहतात. तासाभरात थकतात. त्यामुळे आम्ही टीव्हीवर बाबांच्या प्रोफाइलने साधा आवाज आणि [CC] ठेवतो, आणि आईच्या फोनवर तिच्या प्रोफाइलने तोच सिनेमा वर्णनासह लावतो. एका वेळी दोन उपकरणं चालतील असा प्लॅन त्यासाठी लागतो. फक्त मोबाइलचा स्वस्त प्लॅन पुरत नाही.

जुळवायची पद्धत अशी: दोन्हीकडे सिनेमा एकाच सेकंदावर थांबवायचा, शक्यतो पहिल्या ठळक संवादाच्या थोडं आधी. मग दोन्ही एकदम सुरू करायचे. पहिला संवाद दोनदा ऐकू आला तर जो पुढे आहे तो क्षणभर थांबवून सोडायचा. आईच सांगते, "फोन पुढे पळतोय." बिनतारी इअरफोन घेतले तेव्हा कितीही जुळवलं तरी प्रतिध्वनी राहायचा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. एकट्या फोनवर बघताना ते जाणवत नाही, ॲप चित्र तेवढंच मागे ठेवतं. शेजारी टीव्हीचा आवाज असला की लगेच कळतं. तारेचे इअरफोन लावल्यावर प्रश्न जवळजवळ मिटला. आई एकाच कानात घालते, म्हणजे बाबांशी बोलता येतं. नेट अडखळून एखादं उपकरण थांबलं तर मात्र पुन्हा जुळवावं लागतं, आणि दोन तासांच्या सिनेमात असं एकदा-दोनदा होतंच.

केंद्र सरकारची मार्च २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं चित्रपटगृहांमधल्या मथळ्यांबद्दल आणि वर्णनाबद्दल आहेत. घरच्या टीव्हीवर या दोन सोयी एकाच वेळी दोन माणसांना कशा मिळाव्यात, याचं उत्तर मला कुठल्याच ॲपमध्ये मिळालेलं नाही. एकाच उपकरणातून स्पीकरला एक आवाज आणि हेडफोनला दुसरा मिळाला तर आमची ही सगळी जुळवाजुळव संपेल.

नवा टीव्ही घ्यायचा असेल तर दुकानात तीन गोष्टी हातात रिमोट घेऊन बघा. टीव्हीच्या ॲक्सेसिबिलिटी मेनूत मथळ्यांची शैली बदलता येते का. हेडफोन जोडल्यावर स्पीकर बंद होतो की दोन्ही चालू राहतात. आणि मेनू बोलून दाखवणारी सोय हिंदीत आहे का, कारण वर्णन असलेला आवाज निवडायचा तर आईला आधी त्या यादीपर्यंत स्वतः पोचता आलं पाहिजे. आमच्या टीव्हीवर ते अजून बाबांनाच करावं लागतं.