यूपीएस की एनपीएस? पुतणीच्या तीस दिवसांच्या निमित्ताने

माझी पुतणी नुकतीच केंद्र सरकारच्या नोकरीत लागली. पुण्यातच, घरापासून एका बसच्या अंतरावर. ओळखपत्र अजून हातात आलेलं नाही, पण पेन्शनचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात आला. यूपीएस, म्हणजे ठरावीक पेन्शनची हमी देणारी नवी एकीकृत पेन्शन योजना, हवी असेल तर रुजू झाल्यापासून तीस दिवसांत कळवायचं, नाही कळवलं तर आपण आपोआप एनपीएसमध्ये, म्हणजे बाजारातल्या परताव्यावर चालणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत. रविवारी सकाळी ती फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही काय घेतलंत ते सांगा, मी तेच टिक करते."

असं टिक करू नकोस, एवढंच तिला आधी सांगितलं. ती सव्वीस वर्षांची आहे आणि मी पन्नाशी ओलांडलेली. दोघांचं गणित एक असायचं कारण नाही. मी २००६ चा, म्हणजे १ जानेवारी २००४ ची रेषा माझ्या आधीच आखलेली होती. जुनी पेन्शन मला कधीच मिळणार नव्हती. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, "एकच मिशन, जुनी पेन्शन" अशा टोप्या रस्त्यावर दिसल्या, तेव्हा मीही मनातून त्यांच्या बाजूने होतो. पण आमच्यापुढे निवड आली ती वेगळीच: १ एप्रिल २०२५ पासूनची यूपीएस. केंद्राने आम्हा जुन्यांना त्यासाठी नोव्हेंबर २०२५ अखेरपर्यंत मुदत दिली होती. मी शेवटच्या आठवड्यात यूपीएसचा फॉर्म भरला.

माझा निर्णय झाला तो आमच्या सेक्शनमधल्या तात्यांमुळे. तात्या उशिरा नोकरीला लागले, १ डिसेंबर २००५ ला, आणि ३१ मे २०२४ ला निवृत्त झाले. साडेअठरा वर्षं, म्हणजे २२२ महिने. शेवटचं मूळ वेतन ६०,४००. एनपीएस खात्यात साधारण पंचेचाळीस लाख जमले होते. त्यातले चाळीस टक्के, म्हणजे अठरा लाख, विमा कंपनीकडे अ‍ॅन्युइटीत म्हणजे जन्मभर दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत गेले, कारण तेवढे घालावेच लागतात. उरलेले सत्तावीस लाख करमुक्त हातात आले. मूळ रक्कम वारसांना परत मिळेल असा अ‍ॅन्युइटीचा प्रकार त्यांनी निवडला. त्याचे महिन्याला ९,६०० रुपये येतात.

तात्यांचा एसएमएस मी पाहिलाय. दर महिन्याला तोच आकडा. जानेवारी आला, जुलै आला, महागाई भत्त्याचा आदेश निघाला, ऑफिसात सगळ्यांनी मोबाइलवर टक्के तपासले, तरी तात्यांचा आकडा ९,६००. दरवर्षी तीन टक्के वाढणारी अ‍ॅन्युइटीही मिळते, पण तिची सुरुवातच इतकी खालून होते की बहुतेक जण नको म्हणतात. तात्यांच्याच वाड्यातले जुन्या पेन्शनवाले शेजारी मंडईतून येताना "अहो, ५५ झाले" असं सांगत येतात. तात्या हसून घेतात. माझ्या पोटात मात्र तेव्हापासून एक गोळा बसला. परतावा नऊ टक्के की दहा, हा प्रश्न माझ्यासाठी तिथेच मागे पडला.

आता तात्यांचंच उदाहरण तिन्ही तराजूंत टाकून बघू. सरासरी वेतनाचे बारकावे सोडून ६०,४०० हाच आकडा धरतो, आणि यूपीएस तेव्हा असती असं मानतो.

जुन्या पेन्शनमध्ये निम्मं वेतन, म्हणजे ३०,२००. निवृत्तीच्या वेळी महागाई भत्ता ५० टक्के होता, म्हणजे हातात ४५,३००. यूपीएसमध्ये पूर्ण पेन्शनला पंचवीस वर्षं लागतात, त्याखाली प्रमाणात. २२२ भागिले ३०० म्हणजे ७४ टक्के. ३०,२०० चे ७४ टक्के २२,३४८ आणि त्यावर भत्ता धरून ३३,५२२. शिवाय प्रत्येक पूर्ण सहामाहीला वेतन अधिक भत्ता यांचा दहावा हिस्सा एकरकमी. तात्यांच्या ३७ सहामाह्या, म्हणून सुमारे ३ लाख ३५ हजार.

आता एनपीएसवाल्यांची बाजू, कारण ९,६०० आणि ३३,५२२ असे दोनच आकडे शेजारी ठेवणं हा अन्याय आहे. हातातले सत्तावीस लाख तात्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी महिन्याचे साधारण १८,४५० होतात. म्हणजे एकूण २८,०५०, आणि पंचेचाळीस लाख शाबूत. तात्या आणि काकू दोघं गेल्यावर ते मुलाचे. यूपीएसमध्ये जमा रक्कम सरकारकडे जाते. पत्नीला ६० टक्के कुटुंबपेन्शन, आणि तिच्यानंतर मुलांना त्यातलं काही नाही. हा फरक छोटा नाही. ज्याच्या घरी दिव्यांग मुलगा आहे किंवा अविवाहित बहीण अवलंबून आहे, त्याने यूपीएसचा विचार दोनदा करावा.

पण वर्षभराने काय झालं बघा. जुलै २०२५ पासून भत्ता ५८ टक्के. जुन्या पेन्शनचे ४५,३०० चे ४७,७१६ झाले, यूपीएसचे ३३,५२२ चे ३५,३१० झाले असते, आणि तात्यांचे २८,०५० तिथेच राहिले. पाच वर्षांनी बचत योजनेची मुदत संपेल, तेव्हाचा दर कुणी सांगावा? साठीतला माणूस ऐंशीपर्यंत जगणार आणि दर सहा महिन्यांनी त्याचं उत्पन्न इतरांपेक्षा थोडं थोडं मागे पडणार, हे मला सहन होणार नाही. ज्याला शेअर बाजारात पैसे ठेवून शांत झोप लागते त्याचं वेगळं.

आता "देशाला हे परवडतं का" हा प्रश्न. तो आमच्या घरी माझा मेव्हणा विचारतो. पिंपरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून तो निवृत्त झाला. खासगी नोकरदारांच्या ईपीएस या पेन्शन योजनेत वेतनाची मर्यादाच पंधरा हजार. पस्तीसच्या पस्तीस वर्षं धरली तरी पंधरा हजार गुणिले पस्तीस भागिले सत्तर, म्हणजे महिन्याला ७,५००, आणि योजनाच १९९५ ची असल्याने त्याच्या हातात येतात त्याहूनही कमी. त्यालाही महागाई भत्ता नाही. तो म्हणतो, "तुझा भत्ता माझ्या जीएसटीतून जातो." यावर माझ्याकडे नेटकं उत्तर नाही.

जुन्या पेन्शनचा खरा दोष माझ्या मते हा की तिच्यामागे फंड नाही. त्या वर्षीच्या करातून त्या वर्षीची पेन्शन. माणसं जास्त जगतात, ऐंशीनंतर पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, वेतन आयोग आला की मूळ पेन्शनच नव्याने ठरते (२०१६ मध्ये २.५७ पट झाली). हे सगळं तिजोरीवर येतं. त्यातली मेख अशी की जुन्या पेन्शनकडे परतणाऱ्या राज्याचे पैसे पहिली काही वर्षं वाचतात, कारण एनपीएसमधला दरमहाचा वाटा भरावा लागत नाही. २००४-०५ नंतर लागलेली मंडळी २०३५ च्या आसपास मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागली की बिल येतं. आज घोषणा करणारे तेव्हा सत्तेत असतीलच असं नाही. सगळी राज्यं परत गेली तर एकत्रित बोजा एनपीएसच्या साडेचारपटीपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या अभ्यासात होता. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल यांनी तोवर परतीची वाट धरली होती.

एनपीएसमध्ये सरकार १४ टक्के भरतं आणि हात झटकतं, पुढची जोखीम तात्यांची. यूपीएसमध्ये सरकार साडेअठरा टक्के भरतं: दहा आपल्या खात्यात, साडेआठ एका सामाईक निधीत. तो निधी अपुरा पडला तर भार तिजोरीवरच येणार, हे खरं. पण निदान दरमहा काहीतरी बाजूला पडतं आणि कर्मचारीही दहा टक्के देतो. मेव्हण्यापुढे मान थोडी वर करून बसता येईल, इतपत हा मधला मार्ग मला पटतो. पूर्ण पटतो असं नाही म्हणणार.

पुतणीच्या बाबतीत मी जास्त चाचरलो. तिला पुढे परदेशी शिकायला जायचंय. दहा वर्षं पूर्ण झाली नाहीत तर यूपीएसची पेन्शन नाही. पंचवीस वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पेन्शन सुरू होते ती नियत वयाच्या तारखेपासून, म्हणजे मधली वर्षं स्वतःच्या खिशातून. हे कलम बरेच जण वाचतच नाहीत. आणि चौतीस वर्षं हातात असताना एनपीएसमध्ये शेअर्सचा वाटा वाढवून ठेवला, तर तिचा फंड तात्यांच्या फंडासारखा नसेल.

तरी एक गोष्ट काटा झुकवते. यूपीएसमधून एनपीएसमध्ये एकदा परत जाता येतं, निवृत्तीच्या वर्षभर आधीपर्यंत. तेव्हा १४ आणि १० मधला चार टक्क्यांचा फरक खात्यात घालून देतात. एकदा बाहेर पडलं की यूपीएसमध्ये पुन्हा येता येत नाही. आज यूपीएस घेतली तर निर्णय पुढे ढकलता येतो, एनपीएस घेतली तर तो आजच झाला.

दोन्हींत एक काम मात्र सारखं आहे. माझी बदली झाली तेव्हा जुन्या ऑफिसने तीन महिन्यांची कपात पगारातून केली, पण ती माझ्या प्रान, म्हणजे पेन्शनच्या खात्यात पोहोचलीच नाही. मला ते सहा वर्षांनी कळलं, आणि पगारपत्रकांच्या प्रती गोळा करण्यात पावसाळा गेला. यूपीएसमध्येही सुटका नाही. सगळे हप्ते वेळेवर भरले असते तर किती जमलं असतं, असा एक मानक आकडा काढतात. आपली रक्कम त्यापेक्षा कमी भरली आणि तूट भरून दिली नाही, तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. मधेच पैसे काढले तरी तेच. म्हणून दर एप्रिलला स्टेटमेंट उघडून बारा महिने मोजायचे.

पुतणीने अठ्ठाविसाव्या दिवशी यूपीएसवर टिक केलं. माझी वर्षभर आधीची तारीख २०३४ मध्ये येते, ती मी कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवली आहे. तिची २०५८ च्या आसपासची, ती मोबाइलमध्ये टाकते म्हणाली.