किलोवर, रोजावर की बोनसवर? एका काजू सोलणारणीच्या आठवड्याचा हिशेब

डिचोलीकडच्या एका छोट्या काजू कारखान्याची पगाराची वही मी काही वर्षं लिहिली. मालक नवे होते आणि त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता: सोलणाऱ्या बायांना पैसे किलोवर द्यायचे, रोजावर द्यायचे, की रोज ठेवून वर बोनस द्यायचा? तेव्हा बोनसाच्या दोन पद्धती धरून मी एकाच बाईचा आठवडा चारी पद्धतींनी मांडून दाखवला होता. कोणी आज याच विचारात असेल तर तोच हिशेब उपयोगी पडेल. दर मात्र गणित सोपं व्हावं म्हणून गोल घेतलेत, ते सरकारी किमान वेतनाचे नव्हेत.

काम असं. फोडलेला काजूगर बोर्म्यात, म्हणजे वाळवायच्या भट्टीत, वाळून येतो आणि त्याची लाल साल सुरीने हलकेच काढायची असते. ठरवलेलं प्रमाण तासाला 1 किलो, दिवस 8 तासांचा. रोजावर दर तासाला 70 रुपये, किलोवर दर किलोला 70. म्हणजे बाईने 8 तासांत बरोबर 8 किलो सोलले, तर कुठल्याही पद्धतीने 560 रुपयेच होतात. फरक पडतो तो दिवस चांगला किंवा वाईट गेला की.

बोनसाच्या दोन पद्धती जुन्या आहेत. अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक हॅल्सी यांची 1891 ची आणि ग्लासगोच्या जेम्स रोवन यांची 1898 ची. दोन्हींत रोजाची हमी असते. काम कमी झालं तरी 560 मिळतातच. काम लवकर झालं तर वाचलेले तास मोजतात. हॅल्सी त्यांतल्या अर्ध्या तासांचे पैसे बोनस म्हणून देतो. रोवन विचारतो की ठरलेल्या वेळेतला कितवा हिस्सा वाचला, आणि तेवढाच हिस्सा रोजाच्या मजुरीवर चढवतो.

आमच्या बाईचा चांगला दिवस 10 किलोंचा. 10 किलोंना 10 तास ठरलेले, लागले 8, वाचले 2. हॅल्सीने त्यातला एक तास, म्हणजे 70 रुपये बोनस. रोवनने 10 पैकी 2 वाचले, म्हणजे पाचवा हिस्सा. 560 चा पाचवा हिस्सा 112. वाईट दिवस 6 किलोंचा: पावसाची झड लागलेली, गराने दमट हवा ओढून घेतलेली, साल चिकटलेली. सुरी जोरात लावली तर गर तुटतो, आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव येत नाही.

| | किलोवर | रोजावर | हॅल्सी | रोवन |
|---|---|---|---|---|
| 8 किलोंचा दिवस | 560 | 560 | 560 | 560 |
| 10 किलोंचा दिवस | 700 | 560 | 630 | 672 |
| 6 किलोंचा दिवस | 420 | 560 | 560 | 560 |

मालकांची नजर पहिल्यांदा 420 वर गेली आणि चेहरा खुलला. पण तो आकडा तसा देता येत नाही. पीस रेटवर काम असलं आणि सरकारने त्या कामाला फक्त वेळेचं किमान वेतन ठरवलेलं असलं, तर मजुरी त्याच्याखाली जाता कामा नये, असं 1948 च्या किमान वेतन कायद्याचं 17 वं कलम सांगत होतं. 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. 560 हेच किमान धरलं तर वाईट दिवशी 140 रुपये भरून द्यावेच लागतात.

आता पूर्ण आठवडा: साधे 3 दिवस, चांगले 2, वाईट 1. एकूण 50 किलो. नुसत्या किलोवर 3500, पण हमी पाळली की 3640. रोजावर 3360. हॅल्सीने 3500, रोवनने 3584. म्हणजे मालकाला सगळ्यांत स्वस्त वाटणारी किलोची पद्धतच हमीसकट सगळ्यांत महाग पडली. रोजावर स्वस्त दिसतं खरं, पण तिथे ते 10 किलोंचे दिवस फार काळ येत नाहीत. वरचे 2 किलो कोणासाठी सोलायचे, हा प्रश्न बाईला पडतोच.

हे सगळं मी रोजच्या रोज मोजून सांगितलं. त्या कारखान्यात झालं वेगळंच. मालकांनी हॅल्सी घेतला, पण हिशेब आठवड्याचा करायला लावला: 50 किलोंना 50 तास, लागले 48, वाचले 2, बोनस 70. रोज मोजला असता तर 140 झाला असता. शनिवारी ती बाई पाकीट मोजून माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "भाऊ, सोमवारी दहा दिले, गुरुवारी दहा दिले. त्यांतलं अर्धं गेलं कुठे?" गेलं होतं शुक्रवारच्या ओल्या मालात. वाईट दिवसाने चांगल्या दिवसाचे वाचलेले तास खाल्ले होते. रोजाची हमी कागदावर होती, पण आठवड्याच्या बेरजेत ती बोनसातून वळती झाली. रोवन असता तर 224 चे 134 रुपये 40 पैसे झाले असते. पद्धत कोणती हे ठरवताना जेवढा वेळ घालवाल, तेवढाच मोजण्याची मुदत ठरवताना घालवा.

हॅल्सी की रोवन? साधारण वेगात रोवन जास्त देतो. निम्मा वेळ वाचला, म्हणजे 8 तासांत 16 किलो, की दोन्ही 840 वर येतात. त्यापुढे हॅल्सी वर जातो: 20 किलोंना हॅल्सी 980, रोवन 896. रोवनमध्ये तासाची कमाई दुप्पट कधीच होत नाही, म्हणून प्रमाण चुकून सैल ठरलं तर मालक बुडत नाही. पण सोलण्याच्या कामात कोणी 16 किलो देऊ लागलं, तर आधी प्रमाण तपासा, आणि टोपलीच्या तळाशी तुकडे किती तेही बघा. बोनस फक्त अख्ख्या गरावर मोजायचा, तुकडे वेगळे तोलायचे.

मी स्वतः सोलण्यासाठी हॅल्सी घेईन. वाचलेल्या वेळेचे अर्धे, हे बाईला बोटांवर मोजता येतं. रोवनचा हिस्सा तिला माझ्यावर विश्वास ठेवूनच घ्यावा लागतो. बोर्म्यावरच्या माणसाला मात्र रोजच बरा. त्याच्याकडून किलो काढायला गेलात तर माल एक तर ओला येईल, नाहीतर करपलेला.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही ओल्या मालाला वेगळं प्रमाण लावलं, किलोला 80 मिनिटं. बोर्म्यातून आलेल्या ट्रेवर खडूने फुली मारायची, वहीत त्याच मालाला तसं प्रमाण. मग 6 किलोंचा दिवस बरोबर 8 तासांचा झाला. आठवड्याचे ठरलेले तास 52, लागले 48, वाचले 4, बोनस 140. रोज मोजा नाहीतर शनिवारी मोजा, आकडा तोच येऊ लागला.