व्हिएन्नाहून व्हेनिस रात्रीच्या गाडीने: सहा बर्थ, चार बर्थ की स्लीपिंग कार?

कोकणकन्येने मुंबई-कुडाळ करून वाढलेल्या माणसाला गाडीत झोपायला शिकवावं लागत नाही. तरीही आमच्या भागातली जी मंडळी आता टूर कंपनीशिवाय, स्वतः तिकिटं काढून युरोपला निघतात, त्यांची गाडी नेमकी इथेच अडते. रात्रीच्या गाडीचं पान उघडलं की तीन-चार तऱ्हेचे डबे दिसतात, भाड्यात मोठा फरक दिसतो, आणि कशासाठी किती जास्त द्यायचे ते कळत नाही. म्हणून एकच मार्ग घेऊन सांगतो: व्हिएन्ना ते व्हेनिस, ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट. रात्री नऊ-दहाच्या सुमारास निघते, सकाळी आठ-साडेआठपर्यंत पोचवते. हॉटेलची एक रात्र वाचते, दिवसही मोडत नाही.

बसायच्या डब्याचा विचार सोडून द्या. तो सर्वांत स्वस्त असतो, पण रात्रभर दिवे आणि माणसांची ये-जा चालू राहते, आणि सकाळी उठवायला कोणी येत नाही. विशीतल्या पोरांनी खुशाल जावं. बाकीच्यांसाठी खरी निवड कुशेत आणि स्लीपिंग कार यांतली आहे. आपल्याकडे स्लीपर म्हणजे स्वस्त डबा; तिकडे स्लीपिंग कार सर्वांत महाग असते आणि कुशेत मधल्या भाड्याची, एवढं बुकिंग करताना ध्यानात ठेवा.

कुशेत म्हणजे थ्री एसीचा एक कप्पा समजा, फक्त त्याला दार आहे आणि साइड बर्थ नाहीत. दोन्ही बाजूंना तीन-तीन बर्थ, मध्ये शिडी, बाहेर अरुंद मार्गिका. उशी, चादर, पांघरूण आणि पाण्याची बाटली मिळते. सकाळी पाव, लोणी, जॅम आणि चहा किंवा कॉफी जागेवर येते, ते भाड्यातच धरलेलं असतं. बायका-पुरुष एकत्र असतात, त्यामुळे लोक अंगावरच्या कपड्यांतच झोपतात. एकट्या बाईने बुकिंग करताना फक्त स्त्रियांचा कप्पा निवडावा. तशी सोय आहे. दाराला आतून कडी लागते आणि अटेंडंटकडे किल्ली असते. रात्री कोणी बाथरूमला गेलं की परत येऊन कडी लावायची, हे झोपण्याआधीच सगळ्यांनी बोलून घ्यावं.

सहा बर्थच्या कप्प्यात अडचण झोपेची नाही, सामानाची आहे. सामान खालच्या बर्थखाली किंवा दारावरच्या माळ्यावर जातं. त्या माळ्यापर्यंत वरच्या बर्थवरूनच हात पोचतो. सहा अनोळखी माणसं आणि प्रत्येकाची मोठी चाकांची बॅग असेल, तर शेवटी एखादी बॅग पायाशी घेऊन झोपावं लागतं. मधला बर्थ पाडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण आपल्याकडे सकाळी कोणीतरी "उठा हो, बर्थ वर करूया" म्हणतं आणि सगळे ऐकतात. तिकडे अनोळखी माणसाला असं हलवायला जीव धजत नाही.

चार बर्थच्या कप्प्यात मधली फळी वापरत नाहीत. बर्थ दोनच थरांत राहतात, खाली बसायला जागा उरते, सामान मावतं. भाडं थोडं चढतं, पण माझ्या मते या सगळ्या निवडीत सर्वांत जास्त मोबदला या थोड्या जादा पैशांचा मिळतो. काही मार्गांवर नव्या धाटणीच्या नाइटजेट धावतात. त्यांत कुशेत चारचीच असते आणि शिवाय एकेका माणसासाठी छोट्या बंद केबिनही असतात, ज्या कार्डाने उघडतात. एकट्याने जाणाऱ्याला ती केबिन उत्तम. फक्त बुकिंग करताना आपल्या तारखेला कोणत्या तऱ्हेची गाडी आहे ते पाहून घ्या.

स्लीपिंग कारमध्ये एक ते तीन माणसांची खोली मिळते, खोलीत वॉशबेसिन असतं, गादी खरी गादी असते आणि नाश्त्याचे पदार्थ रात्रीच यादीतून निवडून द्यायचे असतात. वरच्या दर्जाच्या खोलीत शॉवर आणि टॉयलेटही असतं. हे सगळं छान आहे. पण दोघांसाठी भाडं कुशेतपेक्षा बरंच वर जातं, आणि व्हेनिसला सकाळी आठला उतरणाऱ्याला त्यातलं किती वापरायला मिळतं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमच्या वाडीतलं एक कुटुंब यंदा जातंय, त्यांचं उदाहरण घेऊ. काका-काकी, कॉलेजातली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. सहाच्या कप्प्यात चार बर्थ घेतले तर दोन परकी माणसं येणार आणि रात्री आजींच्या हालचालीची पंचाईत होणार. स्लीपिंग कारमध्ये चौघं एका खोलीत मावत नाहीत. दोन खोल्या घ्याव्या लागतील आणि खर्च हाताबाहेर जाईल. चारच्या कप्प्यात चौघं म्हणजे अख्खी खोली त्यांचीच. आजी खाली, काकी समोर खाली, काका आणि मुलगी वर. त्यांना मी डोळे झाकून हेच घ्यायला सांगितलं. टॉयलेट डब्याच्या टोकाला असतं, तेवढं आजींना चालावं लागेल. काकींचा प्रश्न वेगळाच होता: "मगे रात्रीची चाय खंय गावतली?" चिपळूणला खिडकीशी येतो तसा चहावाला तिकडे येत नाही. अटेंडंटकडे थोडंफार खाणं-पिणं विकत मिळतं, पण जेवण आवरून, थर्मास भरून चढलेलं बरं. दोघंच जाणार असतील आणि गुडघेदुखी असेल, तर मात्र दोघांच्या स्लीपिंग कारला जादा पैसे देणं पटण्यासारखं आहे. कुशेतची शिडी उभी आणि अरुंद असते.

आता डबा शोधणं. आपल्याकडे एस-वन, बी-टू असे डबे ओळीने लागतात. तिकडे तिकिटावर Wagen च्या पुढे तीन आकडी नंबर असतो, समजा 264, आणि शेजारचा डबा 265 असेलच असं धरून चालू नका. फलाटाला ए, बी, सी असे विभाग पाडलेले असतात. फलाटावरच्या पडद्यावर किंवा तक्त्यावर गाडीचं चित्र येतं आणि कोणता डबा कोणत्या अक्षराखाली थांबेल ते दिसतं. त्या अक्षराखाली जाऊन उभं राहा. गाडी आली की डब्याच्या दाराजवळ नंबर आणि त्या डब्याचं गंतव्य स्थानक लिहिलेलं असतं. ही दुसरी ओळ वाचल्याशिवाय चढू नका.

कारण तिकडे अख्खी गाडी एका ठिकाणी जातेच असं नाही. इटलीकडे जाणाऱ्या या गाड्यांत व्हिएन्नाहून आणि म्युनिकहून आलेले डबे ऑस्ट्रियातच रात्री जोडले किंवा बदलले जातात, काही व्हेनिसकडे, काही रोमकडे. वेळापत्रक बदललं की ही जोडणीही बदलते. आपल्या डब्यात, आपल्या बर्थवर झोपलेला माणूस कुठेही चुकत नाही. चुकतो तो, जो घाईत दुसऱ्याच डब्यात चढतो, किंवा दुसऱ्या डब्यातल्या रिकाम्या बर्थवर जाऊन झोपतो. आपल्याला रत्नागिरीला उतरून वडापाव घ्यायची सवय. रात्री ऑस्ट्रियातल्या फिलाख स्थानकात गाडी बराच वेळ उभी राहिली, धक्के बसले, तर समजा की डब्यांची अदलाबदल चालू आहे. तेव्हा पाय मोकळे करायला खाली उतरू नका. आपला डबा हलवून दुसऱ्या फलाटावर नेला असेल तर शोधायचा कुठे?

चढल्यावर अटेंडंट तिकीट बघतो आणि कोण कुठे उतरणार ते त्याच्या यादीत असतं. कुशेत आणि स्लीपिंग कार दोन्हींत तो उतरण्याआधी उठवतो, नाश्ता देतो. बसायच्या डब्यापेक्षा कुशेतला जास्त पैसे द्यायचं माझ्या लेखी हेच मोठं कारण आहे. पासपोर्ट बॅगेत खोल ठेवू नका, उशीखाली ठेवा. सीमेवर एरवी तपासणी नसली तरी ऑस्ट्रिया-इटलीच्या हद्दीत पोलीस चढून कागद मागू शकतात.

उतरायचं ठिकाण हा या मार्गातला सर्वांत नाजूक भाग. व्हेनिसची स्थानकं दोन आहेत. आधी येतं Venezia Mestre, ते मुख्य भूमीवर आहे. त्यानंतर गाडी खाडीवरच्या साधारण पावणेचार किलोमीटरच्या पुलावरून Venezia Santa Lucia ला जाते आणि तिथेच थांबते, पुढे रूळच नाहीत. सांता लुचियाच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर कालवा. उत्तर गोव्यात हॉटेल असलेला माणूस मडगावला उतरला तर जशी तंगडतोड होते, तसंच इथे. स्वस्त हॉटेलं मेस्त्रेला पुष्कळ आहेत, त्यामुळे अनेकांच्या बुकिंगवर व्हेनिस लिहिलेलं असतं आणि पत्ता मेस्त्रेचा असतो. घरी बसूनच पत्ता नकाशावर बघा आणि तिकीट त्या स्थानकाचं काढा.

हॉटेल सांता लुचियाकडे असेल तर काळजी नाही. शेवटचं स्थानक आहे, झोप लागली तरी गाडी पुढे जात नाही. मेस्त्रेला उतरायचं असेल तर मात्र जागं राहायला हवं. करबुडेचा बोगदा गेला की रत्नागिरीकर बॅग खाली घेतात, तशी इथली खूण त्रेविझो. हे स्थानक मागे पडलं की मेस्त्रे जवळ आलं. बुटाच्या नाड्या बांधा आणि सामान मार्गिकेत आणा. गाडी उशिरा धावत असेल तर वेळापत्रकातल्या वेळेवर लावलेला गजर कामाचा नाही, फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेल्या नकाशावर निळा ठिपका बघत राहा. गाडी थांबली की दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका. बटण दाबावं लागतं किंवा हँडल ओढावा लागतो. आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागलं, तर मेस्त्रे गेलं. घाबरू नका, सांता लुचियाला उतरा, तिथून मेस्त्रेला परत जाणाऱ्या लोकल दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सुटतात आणि दहा-बारा मिनिटांत पोचवतात. त्यासाठी वेगळं तिकीट काढा आणि तिकीट कागदाचं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या.

येताना व्हेनिसहून व्हिएन्नाला हीच रात्र उलटी करायची असेल, तर आधी Wien Meidling येतं आणि काही मिनिटांनी Wien Hauptbahnhof. शहराच्या पश्चिमेकडे उतरायचं असेल तर माइडलिंग सोयीचं, तिथे भुयारी रेल्वे स्थानकाला लागूनच आहे. विमानतळाकडे जायचं असेल तर हाउप्टबानहोफ गाठा, तिथून विमानतळाची थेट गाडी मिळते.