फायब्रॉइडची अचानक कळ: लगेच ऑपरेशन, की औषधावर थांबायचं?

गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे हे आधीपासून माहीत असतं. सोनोग्राफीचा कागद कपाटात असतो, डॉक्टरांनी 'सध्या काही करायचं नाही' असं सांगितलेलं असतं. मग एके दिवशी बेंबीच्या खाली, एकाच जागी, चाकू खुपसल्यासारखी कळ सुरू होते. बोट ठेवून दाखवता येते इतकी नेमकी. थोडा ताप, मळमळ, कूस बदलली तरी दुखतं. अशा वेळी आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: 'आजच काढून टाका' किंवा 'गोळी खा, बरं वाटेल'. मी लातूरला औषधावर थांबायचं निवडलं. माझ्या जाऊबाईंनी जवळपास तशाच दुखण्यात दुसरी वाट धरली. त्यामुळे दोन्हीकडचं जवळून पाहिलं आहे. मी डॉक्टर नाही. पण ज्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा आहे त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी दुखतं का ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. गाठ वाढते तसा तिच्या मधल्या भागाला रक्ताचा पुरवठा कमी पडायला लागतो. बहुतेक गाठी हळूहळू आतून बदलतात आणि बाईला कळतही नाही. पण कधी पुरवठा एकदम तुटतो, गाठीच्या आत रक्त साकळतं आणि तो भाग मरतो. याला डॉक्टर रेड डिजनरेशन म्हणतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ते जास्त दिसतं, पण एरवीही होतं. मरणाऱ्या भागातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सुटतं आणि त्याने ही कळ येते. म्हणजे तो बहुधा जंतूंचा संसर्ग नसतो, गाठ फुटलेली नसते, आणि गाठीने एकाएकी कॅन्सरचं रूप घेतलं असंही नसतं. मेलेला भाग पुन्हा मरत नाही, म्हणून साधारण चार ते सात दिवसांत कळ ओसरते. काहींना दोन आठवडे लागतात.

माझी गाठ पुढच्या भिंतीत होती, जुन्या कागदावर सहा सेंटिमीटर. त्या रात्री सोनोग्राफीत ती थोडी मोठी दिसली. मधोमध काळे पोकळ डाग होते, आणि डॉपलर लावल्यावर कडेला रक्त फिरताना दिसत होतं, मध्ये अजिबात नाही. प्रोब नेमकी गाठीवर दाबली की मी किंचाळत होते, बाजूला सरकवली की नाही. माझ्या डॉक्टर मॅडमना हीच खूण महत्त्वाची वाटली. गरोदरपणाची तपासणी निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या, ताप शंभरच्या आसपास, हिमोग्लोबिन साडेआठ. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच आडवा येतो.

थांबायचं ठरलं तर त्याचा अर्थ नुसतं सोसणं नव्हे. पहिल्या रात्री दुखण्याचं इंजेक्शन आणि सलाईन, दुसऱ्या दिवसापासून आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पोटभर खाऊन. मध्ये कमी पडलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन त्या प्रोस्टाग्लँडिनवरच काम करतं, म्हणून इथे ते नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मात्र अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उपाशीपोटी तर कुणीच नको. मला पहिले दोन दिवस वाईट गेले, तिसऱ्या दिवशी स्वतः उठून चहा केला, आणि आठवड्याच्या शेवटी गाठीवर दाबलं तरच दुखत होतं. अँटिबायोटिक दिलं नाही, कारण संसर्गाची खूण नव्हती. माझ्या आईला ते पटलं नाही. 'ताप असून अँटिबायोटिक नाही, हे कसले डॉक्टर' असं ती दोन-तीनदा म्हणाली.

आता दुसरी बाजू. लगेच ऑपरेशन करण्यामागे काहीच तर्क नाही असं मी म्हणणार नाही. दुखणं एकदाचं संपतं, पुन्हा सोनोग्राफी करत बसावं लागत नाही, आणि पाळीला जास्त जात असेल तर तोही त्रास जातो. जाऊबाई आजही म्हणतात, 'सुटले बाई.' त्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा आहे.

माझी अडचण झाली ती एका वाक्याने. मॅडमकडे येण्याआधी मी ज्या दवाखान्यात गेले होते तिथे संमतीपत्र पुढे आलं. त्यावर गाठ काढणे आणि गर्भपिशवी काढणे, दोन्ही लिहिलेलं होतं, आणि खाली 'गरजेनुसार अंडाशय'. मी विचारलं, यातलं नक्की काय करणार? उत्तर मिळालं, 'आत गेल्यावर बघू. गाठ सुटली तर गाठ, नाही तर पिशवी. लेकरं झालीत ना तुमची?' सासूबाई मान हलवत होत्या, नवऱ्याच्या हातात पेन होतं. मी सही केली नाही.

नंतर मॅडमनी समजावलं तेव्हा कळलं की ते उत्तर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त गंभीर होतं. एरवी फायब्रॉइड घट्ट असतो आणि त्याच्याभोवती दाबल्या गेलेल्या स्नायूचा एक थर असतो. सर्जन तो थर शोधतो आणि सालीतून कांदा सोलून काढावा तशी गाठ सुटून येते. डिजनरेशनच्या दिवसांत गाठ मऊ, सुजलेली, रक्ताळलेली असते, भोवतीचा थर नीट सापडत नाही आणि रक्त जास्त जातं. त्यात हिमोग्लोबिन साडेआठ असेल तर रक्ताची पिशवी चढवावी लागणं आणि शेवटी गर्भाशयच काढावं लागणं, दोन्हींची शक्यता वाढते. म्हणजे ज्या दिवशी गाठ सर्वात जास्त दुखते तो दिवस नुसती गाठ काढायला बहुधा सर्वात वाईट असतो. तीच गाठ दोन-तीन महिन्यांनी, रक्त वाढवून काढली तर नक्की काय काढणार हे आधी ठरवता येतं. 'आत गेल्यावर बघू' हे उत्तर तेव्हा बहुतेक वेळा द्यावं लागत नाही. माझ्यासाठी पारडं इथे झुकलं.

जाऊबाईंच्या बाबतीत आत गेल्यावर गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय निघाले. वय चाळीसच्या आतलं. पाळी थांबली, पण लगेच अंगातून वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं, गुडघे दुखणं सुरू झालं. इतक्या लवकर अंडाशय गेले की हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो, आणि त्याची काळजी पुढे बरीच वर्षं घ्यावी लागते. त्या तक्रार करत नाहीत. पण अंडाशय ठेवता आले असते का, हा प्रश्न त्यांना ऑपरेशनआधी कुणी विचारलाच नव्हता. आपल्या भागात हा प्रश्न नवीन नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा अगदी कमी वयात पिशवी गेलेल्या कितीतरी बाया समोर आल्या.

तरीही थांबणं प्रत्येकीसाठी नाही, आणि हे मी मनापासून सांगते. तुमचा जुना सोनोग्राफीचा कागद काढा आणि गाठ कुठे आहे ते वाचा. 'पेडंक्युलेटेड' असं लिहिलं असेल, म्हणजे गाठ गर्भाशयाबाहेर देठावर लटकलेली असेल, तर अचानक आलेली कळ देठाला पीळ पडल्याची असू शकते. उलट्या होतात, कळ लाटेसारखी येते. तिथे ऑपरेशन लागतं, आणि ते लवकर लागतं. अंडाशयाला पीळ पडला तरी चित्र असंच दिसतं, अपेंडिक्सही उजवीकडच्या गाठीच्या दुखण्यात लपू शकतं. म्हणून पहिली तपासणी झाल्याशिवाय घरी गोळ्या खात बसू नका. आधीपासून गाठ आहे म्हणजे दुखणं गाठीचंच, असं धरून चालणं धोक्याचं. आणि औषधावर थांबलेलं असताना ताप 101 च्या वर चढला, घाण वासाचं पाणी जायला लागलं, पोट फळीसारखं कडक झालं, चक्कर येऊन नाडी जोरात धावायला लागली किंवा दोन-तीन दिवसांत कळ अजिबात उतरली नाही, तर त्याच दिवशी परत जा. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर असं झालं तर गाठीत पू झाल्याची शंका घेतात, आणि तिथे आयबुप्रोफेन पुरत नाही. पाळी कायमची गेलेल्या बाईची गाठ दुखायला आणि वाढायला लागली, तर तिच्यासाठी माझा सल्ला लागू नाही. तिने सविस्तर तपासण्या करून घ्याव्यात.

गरोदर असाल तर निवड आणखी सोपी आहे, कारण जवळजवळ नेहमी थांबायचंच असतं. भरती व्हा, विश्रांती, सलाईन, पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं विसाव्या आठवड्यानंतर सहसा टाळतात, कारण बाळाच्या किडनीवर आणि पोटातल्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे ती स्वतःहून कधीच नको. गरोदरपणात गाठ काढायला जाणं हे अगदी अपवादाने, पीळ पडण्यासारख्या कारणासाठीच होतं.

कळ गेल्यावर पुढे काय, हे माझ्या बाजूचं कमी बोललं जाणारं काम. मी लोहाची इंजेक्शनं घेतली आणि हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा गाठ थोडी लहान झाली होती. प्रत्येकीची होईलच असं नाही. या काळात एका ठिकाणी मला रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवण्याचा उपाय सुचवला गेला. मॅडमनी तो नको म्हटलं, कारण ज्या गाठीत आधीच रक्त फिरत नाही तिच्या रक्तवाहिनीत काही अडकवून फारसं हाती लागत नाही. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला की गाठीचा किती भाग जिवंत आहे ते कळतं. लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला तो होतो.

पाळीला अजून जास्त जात राहिलं तर मीही गाठ काढेन. मात्र तारीख मी ठरवेन, दिवसा, रक्त भरलेलं असताना. आणि सही करण्याआधी संमतीपत्रावर तीन गोष्टी लिहून घेईन: नक्की काय काढणार, गर्भाशय काढायची वेळ कोणत्या कारणाने येऊ शकते, आणि अंडाशय ठेवणार की नाही.