घुमणारा हॉल आणि माइकवर आदळणारा वारा: कुठे कोणता उपाय चालतो

'आवाज जरा साफ करून दे' म्हणत लोक दोन अगदी वेगळी दुखणी एकाच माणसाच्या गळ्यात घालतात. एकाने मोठ्या हॉलमधलं व्याख्यान मागच्या रांगेतून मोबाइलवर टिपलेलं असतं, दुसऱ्याने मोकळ्या मैदानात मुलाखत घेतलेली असते. दोन्हीकडे शब्द नीट कळत नाहीत म्हणून दोघेही नॉइज रिडक्शनच मागतात. पण वाऱ्यावर जे चालतं ते घुमाऱ्यावर फुकट जातं.

वाऱ्यापासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. माइकच्या पडद्यावर हवेचे भोवरे थेट आदळतात आणि त्यांची बहुतेक ताकद दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली असते. शब्द ओळखायला लागणारी माहिती, म्हणजे व्यंजनं आणि स्वरांची घडण, मुख्यतः त्याच्या वर असते. त्यामुळे पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे लो-कट, म्हणजेच ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो, म्हणून 120 वर कापताना हात थरथरतो. पण मूळ सूर कापला गेला तरी वरच्या पटींवरून कान तो स्वतः भरून काढतो. आवाज थोडा पातळ होतो, पण शब्द शाबूत राहतात. ffmpeg मध्ये तोच फिल्टर दोनदा लावला की उतार पुरेसा तीव्र होतो:

```
ffmpeg -i in.wav -af "highpass=f=120,highpass=f=120" out.wav
```

80 पासून सुरू करून हळूहळू वर न्या. आवाज टेलिफोनसारखा वाटू लागला की एक पायरी मागे या.

Audacity मधल्या Noise Reduction सारखी नमुना घेऊन वजाबाकी करणारी साधनं इथे दुय्यम ठरतात. ती एक-दोन सेकंदांचा नमुना घेतात आणि पुढचा सगळा गोंगाट तसाच आहे असं धरून चालतात. पंख्याच्या घरघरीला ते ठीक आहे. वारा मात्र झुळकीगणिक बदलतो, म्हणून नमुना जुळत नाही आणि मागे पाण्याखालच्या बुडबुड्यांसारखा आवाज उरतो. लो-कटनंतर उरलेल्या सपाट सळसळीपुरतं हे साधन वापरा. आधी Residue निवडून काय काढलं जातंय ते ऐका. त्यात शब्द ओळखू आले, तर तुम्ही भाषणच कापताय.

लो-कट हरतो तो क्लिपिंगपुढे. झुळकीच्या जागी वेव्हफॉर्म मोठा करून पाहा: माथे कातरल्यासारखे सपाट दिसले, तर वाऱ्याने माइक किंवा रेकॉर्डर तुडुंब भरला होता. त्या क्षणी आवाजाचा आकारच नष्ट झालेला असतो आणि तुटण्याचा खरखराट वरच्या पट्ट्यांतही पसरतो, म्हणून खालचं कितीही कापा, तडतड जात नाही. रेकॉर्डिंग खरोखर दोन माइकचं स्टिरिओ असेल तर एक युक्ती आहे. बोलणं दोन्ही माइकवर जवळजवळ सारखं पोचतं, वाऱ्याचे भोवरे मात्र प्रत्येक माइकवर वेगळे असतात. त्यामुळे बऱ्याच झुळकींत एक बाजू दुसरीपेक्षा शांत सापडते. दोन्ही मिसळू नका, त्या त्या झुळकीपुरती शांत बाजू उचला. मला यातून मिळालंय तितकं कुठल्याही फिल्टरमधून मिळालेलं नाही. काम मात्र वेळखाऊ आहे.

आता हॉल. इथे त्रास देणारी गोष्ट बाहेरची नाही, तो वक्त्याचाच आवाज भिंतींवरून उशिरा परत आलेला असतो. त्याच्या पट्ट्या त्याच, सूरही तोच. 'हा गोंगाट' म्हणून दाखवायला वेगळा नमुना मिळणार कुठून? साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत परतलेला आवाज कान मूळ आवाजातच जमा करतो आणि तो मदतच करतो. त्यानंतरची शेपटी पुढच्या अक्षरांवर पसरते.

एक उदाहरण मांडतो. 20 बाय 14 मीटरचा, 7 मीटर उंच हॉल धरा. आकारमान सुमारे 2000 घनमीटर, आणि आवाज 60 डेसिबलने उतरायला 2 सेकंद. अशा ठिकाणी वक्त्याचा थेट आवाज आणि घुमारा समसमान होतात ते अंतर जेमतेम पावणेदोन मीटर भरतं. वक्ता माइककडे तोंड करून असेल तर थोडं जास्त. मोबाइल 8 मीटरवर असेल, तर घुमारा थेट आवाजापेक्षा 10 ते 13 डेसिबलने वरचढ असतो. तोच माइक छातीपाशी असता तर पारडं उलटं असतं. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी साउंडवाल्याकडे चौकशी करा: मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग घेतलं होतं का? ते मिळालं तर पुढचं वाचायची गरज उरत नाही.

नाही मिळालं, तर तीन वाटा आहेत. पहिली नॉइज गेटची, जी बरेच जण धरतात. वाक्य संपलं की गेट आवाज बंद करतो, त्यामुळे विरामातली शेपटी जाते. पण बोलणं चालू असताना घुमारा तसाच असतो आणि आवाज एकदम उघडतो-मिटतो. मला हे मूळ रेकॉर्डिंगपेक्षा जास्त खुपतं.

दुसरी वाट डब्ल्यूपीईची. आधीच्या आवाजावरून उशिरा येणारी शेपटी किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढीच वजा करायची, ही तिची रीत. पायथॉनमध्ये त्यासाठी nara_wpe आहे. थेट आवाजाला आणि अगदी सुरुवातीच्या परतीला ती मुद्दाम हात लावत नाही, म्हणून बोलणं खोटं वाटत नाही. पण एकाच माइकवर तिचा परिणाम माफक असतो. खरी चमक दिसते ती अनेक माइक असतील तेव्हा. वक्ता फिरत फिरत बोलत असेल तर अंदाजही डळमळतो.

तिसरी वाट न्यूरल नेटवर्कवर शिकवलेल्या साधनांची. वरच्या 8 मीटरच्या उदाहरणात ऐकण्याजोगा निकाल याच वाटेने लागतो, आणि ही साधनं वाराही बरोबरच काढतात. मात्र त्यातली काही आवाज गाळण्याऐवजी नव्याने घडवतात. जिथे मूळ शब्द बुडालेला आहे, तिथे ती स्वच्छ उच्चारात भलताच शब्द बसवू शकतात, आणि स्वच्छ आहे म्हणून आपल्याला शंकाही येत नाही. 'भ' आणि 'ब', 'ठ' आणि 'ट' यांतला फरक श्वासाच्या एका फुंकरीचा असतो, आणि तीच फुंकर गोंगाट म्हणून पुसली जाण्याचा धोका असतो. नावं, आकडे आणि 'नाही' हा शब्द मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहावेतच.

म्हणून माझी निवड कामावर ठरते. भाषण लोकांना ऐकवायचं असेल तर तिसरी वाट, जोर साठ-सत्तर टक्के ठेवून. साधनात असा जोर ठरवायची सोय नसेल तर मूळ आवाज थोडा परत मिसळा, पण आधी दोन्ही ट्रॅक जुळतायत का बघा. साफ केलेली फाइल काही मिलिसेकंद मागे असली तर मिसळल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. शब्दशः उतरवून घ्यायचं किंवा पुरावा म्हणून जपायचं असेल तर डब्ल्यूपीई, नाहीतर नुसता लो-कट, आणि मूळ फाइल शेजारी.

क्रम चुकवू नका: आधी लो-कट, मग उरलेली सळसळ, मग घुमारा, आणि कंप्रेसर सगळ्यात शेवटी. तो आधी लावला की बारीक आवाज वर येतात आणि त्यांच्यासोबत ती शेपटीही. पूर्ण तास प्रक्रियेत घालण्याआधी वक्ता सर्वात भरभर बोलतोय असं एखादं मिनिट निवडून त्यावर तिन्ही वाटा तपासा. संथ बोलण्यावर कुठलाही उपाय चांगलाच वाटतो.